सदतीस पैशांचा खुलासा

आमच्या शाखेत हिशेबाला एक बाई आहेत. त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना शून्यबाई म्हणतात. त्यांना ते माहीत आहे आणि मनातून आवडतंही, हे मी पैजेवर सांगतो. दर महिन्याच्या शेवटी आमचा विक्रीचा हिशेब आणि मुख्य कार्यालयाचा हिशेब समोरासमोर ठेवून जुळवावा लागतो. त्या जुळवणीच्या कागदावर तळाला ‘फरक’ असा रकाना असतो. एकतीस वर्षं बाईंनी त्या रकान्यात शून्य लिहिलं, आणि त्याखाली पट्टीनं दोन रेघा मारल्या. साहेब पाच बदलले, बाईंच्या रेघा बदलल्या नाहीत.

मी कॅशियर. माझी पिंजऱ्यासारखी खोली त्यांच्या टेबलाला लागून आहे, त्यामुळे त्यांचा स्वभाव मला जवळून सोसावा लागतो. घरीही त्यांचं असंच. दुकानातून आणलेल्या सामानाची यादी त्या दारातच ताडून बघतात आणि मगच पिशवी आत जाते. त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करतात. ते एकदा मला म्हणाले होते, “कॅशियर, तुमचं बरं आहे. तुम्ही सहा वाजता सुटता.”

तर या बाईंच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. त्यांनी तो जमेल तितके दिवस अंगावर काढला, शेवटी सुनेनं हट्टानं नेऊन ऑपरेशन करवलं. नेमका महिनाअखेर आणि बाई दहा दिवस रजेवर! जुळवणी करायची वेळ साहेबांवर आली. साहेब नवे, वयानं तिशीतले, कामाला चोख, पण हिशेबाच्या वाटेला कधी न गेलेले. त्यांनी दोन दिवस डोकं खाजवलं आणि तळाच्या रकान्यात काय आलं? सदतीस पैसे. आमची बेरीज मुख्य कार्यालयापेक्षा सदतीस पैशांनी जास्त.

सदतीस पैशांत आता काडेपेटीही येत नाही. मी म्हटलं, “साहेब, मी माझ्या खिशातून भरतो आणि विषय संपवू.” ते हसले नाहीत. त्यांनी कागद जसाच्या तसा वर पाठवला, आणि वरच्या तपासनिसाला तो कागद म्हणजे माकडाच्या हातात कोलीत झालं.

बाई रजेवरून परतल्या त्या सकाळी मला सगळं कळलं. काळा चष्मा, हातात औषधाच्या थेंबांची बाटली, आणि सुनेनं पिशवीला बांधून दिलेली चिठ्ठी: ‘दर चार तासांनी. वाचन बंद.’ बाई खुर्चीत टेकतात न टेकतात तोच साहेबांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. दार लावलं. टेबलावर तपासनिसाची मेल छापून ठेवलेली होती. साहेबांनी ती मोठ्यानं वाचली.

थोडक्यात असं होतं. आधीचे तेरा महिने या शाखेचा फरक शून्य आहे. हिशेबाच्या बाई रजेवर असताना, नेमका त्याच महिन्यात फरक आला. त्याच महिन्यात बिलं करणाऱ्या मुलीनं सतरा बिलं दुसऱ्यांदा छापली आहेत. म्हणजे छापलेल्या बिलांतले आकडे नंतर बदलले असावेत. रक्कम लहान आहे, पण सवय लहान नसते. दुपारी चारपर्यंत पटेल असा लेखी खुलासा आला नाही, तर तिला कायम करण्याचा कागद रद्द करून आजपासून तिला कमी करावं.

ही मुलगी म्हणजे आमची टकटक. बोटं इतकी भरभर चालतात की नाव आपोआपच पडलं. चौदा महिन्यांपूर्वी करारावर लागली. घरी दोन वर्षांची पोर आहे, ती सासूजवळ असते. कायम होणार म्हणून गेल्याच आठवड्यात तिनं नव्या खोलीची अनामत भरली होती. त्या वेळी ती बाहेर भिंतीला लागून स्टुलावर बसलेली. तिचा पासवर्ड सकाळीच बंद केलेला. बोटं मांडीवर, आणि ती मात्र अजूनही हलत होती.

खरं सांगतो, मला त्या पोरीचा थोडा रागच होता. एकदा माझ्या भरण्यात दहा रुपयांची चूक तिनं सगळ्यांसमोर दाखवली होती. पण राग वेगळा आणि कुणाच्या पोटावर पाय येणं वेगळं.

“साहेब,” बाई म्हणाल्या, “छापायचं यंत्र कागद खातं. त्या सतरा बिलांचे चुरगळलेले पहिले कागद तिनं फाईलला लावले असतील.”

“लावलेत. मी पाहिलेत. आकडे तेच आहेत,” साहेब म्हणाले. “पण वरचे म्हणतात, मग फरक आला कुठून? बाई, मला कारण द्या. कुठलंही खरं कारण. चार वाजेपर्यंत.”

घड्याळात पावणेदहा झाले होते.

बाहेर येऊन बाईंनी पदर खोचला. माझी कॅशची खिडकी त्या दिवशी साहेबांनी स्वतः सांभाळली, आणि मला बाईंच्या समोर बसवलं. आमच्या धंद्यात याला पुकारा म्हणतात. एकानं आकडा मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं आपल्या कागदावर तो दिसला की टिक मारायची. मशिनी आल्या आणि पुकारा गेला. मी तर पंधरा वर्षांत केला नव्हता. पण बाईंना संगणकाकडे बघायची मनाई होती, आणि जिला संगणक येतो ती स्टुलावर बसलेली. उरलो आम्ही दोन म्हातारे.

आमच्याकडचं विक्रीचं रजिस्टर माझ्या हातात, मुख्य कार्यालयाची यादी बाईंसमोर. बिलं अकराशे चौसष्ट. माल औषधांचा, घेणारे गावभरचे औषध दुकानदार, सगळ्या मालावर कर शेकडा बारा.

“बिल एक. कर बेचाळीस सत्तर.”

“टिक.”

“दोन. अठरा बारा.”

“टिक.”

“तीन. नऊ छत्तीस.”

बाई थांबल्या. चष्मा कपाळावर सरकवला, पट्टी ओळीखाली धरली, चांगला डोळा कागदाला टेकेल इतका जवळ नेला. “इथं नऊ सदतीस आहे. भोवती गोल करते. पुढं.”

डोळ्यात तेल घालून काम करणं म्हणतात ते मी त्या दिवशी पाहिलं, फक्त तेलाच्या जागी औषध होतं. दीडशे बिलांवर माझा घसा सुकला. गोलांची संख्या मात्र वाढत होती. मी चिडलो. “बाई, ही काय चोरी झाली? एका बिलात आपला एक पैसा जास्त, दुसऱ्यात एक पैसा कमी. हा चोर आहे की वेडा? इकडून पैसा घेतो, तिकडं परत ठेवतो!”

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं. काळ्या चष्म्यातूनही मला ते बघणं जाणवलं.

“पुन्हा म्हणा.”

“काय?”

“चोर परत ठेवत नाही,” त्या म्हणाल्या. “कॅशियर, तुम्ही आज पहिल्यांदा उपयोगाचं बोललात. उठा, बिलांची फाईल काढा. गोल केलेली बिलं मला दाखवा.”

मी उठलो. आता खोटं कशाला बोलू, पळालोच. फाईल टेबलावर आपटली. तीन नंबरचं बिल, अकरा नंबरचं, सोळा, एकोणीस. बाई एकेक उलटत होत्या आणि ओठांत काहीतरी मोजत होत्या.

“प्रत्येक बिलात किती ओळी आहेत बघा,” त्या म्हणाल्या.

तीन नंबरात पाच ओळी, म्हणजे पाच प्रकारची औषधं. अकरात तीन. सोळात आठ.

“आता टिकवाली काढा. एकाच ओळीची जितकी बिलं आहेत तितकी.”

एका ओळीचं प्रत्येक बिल पैशाला पैसा जुळत होतं. एकही गोल नाही! माझ्या अंगावर काटा आला, आणि हिशेबाच्या कामात माझ्या अंगावर काटा यायची ही पहिलीच वेळ. स्टुलावरची टकटक उठून दोन पावलं पुढं आली होती आणि तिथंच थांबली होती. कागदांना हात लावायचा नाही, असं तिला बजावलेलं होतं.

बाईंनी अकरा नंबरचं बिल समोर घेतलं. तीन ओळी, प्रत्येक ओळीचा माल दहा रुपये तीस पैशांचा. कागदाच्या कोपऱ्यात त्यांनी हातानं गुणाकार मांडला.

“दहा तीसवर शेकडा बारा किती? एक रुपया तेवीस पैसे आणि वर अर्ध्याहून जास्त पैसा. आपलं मशीन प्रत्येक ओळीला कर लावतं आणि तिथंच पैसा पुरा करतं. एक चोवीस. तीन ओळींचे किती?”

“तीन बहात्तर.”

“बिलावर तेच आहे. आता सगळा माल एकत्र धरा. तीस रुपये नव्वद. त्यावर शेकडा बारा?”

मी कॅल्क्युलेटर दाबला. “तीन सत्तर पूर्णांक आठ दशांश... म्हणजे तीन एकाहत्तर.”

“आणि मुख्य कार्यालयाच्या यादीत काय आहे?”

मी यादीवर बोट फिरवलं. तीन एकाहत्तर.

मी खुर्चीतून उठलो आणि “बाई!” असं इतक्या जोरात ओरडलो की खिडकीवरच्या गिऱ्हाइकाचे सुटे पैसे खाली पडले. साहेब धावत आले. मी त्यांना समजावून सांगायला लागलो, मध्येच अडखळलो, मग बाईंनी दोन वाक्यांत सांगितलं. “आपण ओळीओळीला पैसा पुरा करतो, ते बेरजेवर एकदाच करतात. आपण त्यांना फक्त मालाच्या ओळी पाठवतो, कर ते स्वतः पुन्हा मोजतात. दोघं बरोबर आहेत, साहेब. दोघांची रीत वेगळी आहे.”

“नक्की?”

“तीन बिलांवरून नक्की म्हणत नसतात. पुकारा पुरा करू द्या.”

मग काय विचारता! माझा घसा कुठल्या कुठे मोकळा झाला. मी आकडे पुकारत होतो ते लिलाव पुकारावा तसे. गोल आला की मीच आधी ओरडायचो, “ओळी चार!” गुदामातले हमाल दाराशी येऊन उभे राहिले. कुणीतरी चहा आणला, तो तसाच गार झाला. मध्ये बाईंच्या पिशवीतला गजर वाजला, त्यांनी मान मागं टाकली, मी दोन थेंब डोळ्यात आणि एक गालावर सोडला, आणि पुढचं बिल पुकारलं.

अडीच वाजता सगळं कागदावर होतं. न जुळणारी बिलं दोनशे तीन. त्यातल्या एकशे अठरांत आपला कर जास्त, सगळे मिळून एकशे एक्केचाळीस पैसे. पंच्याऐंशींत आपला कमी, एकशे चार पैसे. एकशे एक्केचाळीसातून एकशे चार गेले, उरले सदतीस. दोनशे तीनही बिलांचा कर आम्ही बेरजेवर मोजून पाहिला, एकूणएक मुख्य कार्यालयाच्या आकड्याला जुळला. दुसऱ्यांदा छापलेल्या सतरांपैकी बारा तर आधीच पैशाला पैसा जुळत होती, उरलेल्या पाचांचं कारणही हेच.

“जिंकलो!” मी म्हटलं. आणि मग माझ्या तोंडाला कुलूप नाही म्हणून पुढं बोललो, “पण बाई, तपासनीस विचारेल ना, की रीत वेगळी होती तर आधीचे तेरा महिने शून्य कसं आलं?”

बाई पेन्सिलीला टोक करायला लागल्या.

मला वाटलं, ऐकू आलं नाही. मी पुन्हा म्हटलं. तेव्हा त्यांनी टेबलाचा खालचा खण उघडला, जुन्या पावत्यांच्या खालून एक छोटी वही काढली आणि माझ्यासमोर ठेवली. पेन्सिलीनं लिहिलेले तेरा आकडे होते. पहिल्या महिन्यात एकोणीस पैसे जास्त. दुसऱ्यात आठ कमी. मग एक्केचाळीस जास्त, मग सव्वीस कमी. असं खाली तेरापर्यंत. तळाला बेरीज: पन्नास पैसे जास्त.

“दर महिन्याला किरकोळ खर्चात टाकत होते,” त्या म्हणाल्या. “टाकलं की शून्य यायचं.”

माझा विश्वास बसेना. शून्यबाई! मला राग आला, आणि तो लपवायची माझी पद्धत नाही. “तुम्ही? अहो, माझा एक रुपया चुकला तर तुम्ही मला तासभर उभं करता!”

“चौदा महिन्यांपूर्वी वरचं सॉफ्टवेअर बदललं. त्याच महिन्यात ही पोरगी आली. आणि त्याच सुमारास मला आकडे अंधुक दिसायला लागले, तीनाचा आठ दिसायचा. फरक आला तेव्हा मला वाटलं, मीच चुकीचं वाचते आहे. दोनदा तपासलं, तिसऱ्यांदा धीर झाला नाही. बोलले असते तर म्हणाले असते, बाईंचं वय झालं, बसवा घरी.” त्यांनी चष्मा पुसला. “आज कळलं, माझी चूक नव्हतीच. तेरा महिने मी जे झाकलं ती माझी चूकच नव्हती.”

आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या मुलीविरुद्ध पुरावा होता तो सदतीस पैशांचा नव्हताच. पुरावा होती ती बाईंची तेरा शून्यं. बाई रजेवर गेल्या आणि फरक उघडा पडला, एवढंच झालं होतं.

“फक्त करमोजणीचं कारण पाठवा,” मी हळूच म्हटलं. “कदाचित तेवढ्यावर भागेल.”

“कदाचितवर पोरीची नोकरी लावू?” त्या म्हणाल्या आणि वळल्या. “ए टकटक! इकडं ये. माझ्या मशीनवर बस. मला पडद्याकडे बघायला बंदी आहे. मी सांगते, तू टाईप कर.”

“मावशी, मला हात लावायचा नाही सांगितलंय.”

“बिलांना. माझ्या पत्राला नाही.”

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. बाई उभ्या राहून सांगत होत्या, मी शेजारी होतो, आणि पोरीची बोटं त्या दिवशी पहिल्यांदा कळफलकावर चालत होती. ते पत्र माझ्याकडे अजून आहे.

‘मा. व्यवस्थापक यांस. विषय: जुळवणीतील सदतीस पैशांचा फरक.

शाखेच्या बिलात प्रत्येक ओळीवर कर मोजून तिथंच पूर्ण पैसा केला जातो. मुख्य कार्यालयात पूर्ण बिलाच्या बेरजेवर एकदाच कर मोजून पूर्ण पैसा केला जातो. त्यामुळे एकाहून अधिक ओळींच्या बिलात एकदोन पैशांचा फरक पडू शकतो. एका ओळीच्या बिलात पडत नाही. अकराशे चौसष्ट बिले ताडली. दोनशे तीन बिलांत फरक आहे. शाखेचा कर जास्त एक रुपया एक्केचाळीस, कमी एक रुपया चार, निव्वळ सदतीस पैसे. यादी आणि तीन बिलांची मांडणी सोबत आहे. दुसऱ्यांदा छापलेल्या बिलांत आकडे बदललेले नाहीत. पहिल्या प्रती फाईलला आहेत.

हा फरक या महिन्यात सुरू झालेला नाही. तो चौदा महिने पडतो आहे. आधीचे तेरा महिने मी तो कारण न शोधता, कुणाला न सांगता, किरकोळ खर्चात टाकून शून्य दाखवत होते. आकड्यांची नोंद सोबत आहे. ती शून्ये...’

टकटक थांबली. बोटं वरच्या वर राहिली.

“मावशी, हे नको ना. वरचं पुरेसं आहे.”

“ती शून्ये खरी नव्हती,” बाई म्हणाल्या. “लिही. पूर्णविराम. बिल करणाऱ्या कर्मचाऱ्याचा यात कोणताही दोष नाही. पूर्णविराम. खाली माझं नाव.”

ती रडत रडत टाईप करत होती, आणि तरी एक अक्षर चुकलं नाही. रडताना अचूक टाईप करणारी माणसं मी त्याआधी पाहिली नव्हती.

साहेबांनी पत्र वाचलं आणि बाहेर आले. “बाई, शेवटचा परिच्छेद मी गाळू का? तुम्हाला निवृत्तीला आठ महिने उरलेत.”

“मग तेरा शून्यं कुठून आली म्हणून सांगाल, साहेब?”

साहेब पत्र घेऊन आत वळले. त्यांनी मेल वर पाठवली तेव्हा चारला अठरा मिनिटं कमी होती. त्यानंतर आम्ही चौघं एका पडद्याकडे बघत उभे, म्हणजे तिघं बघत आणि बाई पाठ करून. साहेबांनी वर फोन लावला, लागेना. पुन्हा लावला. चारला पाच मिनिटं कमी असताना उत्तर आलं. साहेबांनी पहिली ओळ वाचली आणि एवढा मोठा साहेब, टेबलावर मूठ आपटून म्हणाला, “झालं! हिला कायम करायचंय!”

टकटकनं बाईंना मिठी मारली, बाई “अगं डोळा, डोळा!” म्हणून ओरडल्या, आणि मी माझ्या पिंजऱ्यात जाऊन उगाचच नोटा मोजल्या. तीनदा मोजल्या, तिन्ही वेळा वेगळ्या आल्या.

उत्तराची दुसरी ओळ साहेबांनी नंतर वाचली. हिशेबाच्या बाईंना लेखी ताकीद, तिची नोंद नोकरीच्या फाईलमध्ये.

ताकीद आठ दिवसांनी आली. शिक्का मारलेला जाड कागद होता. एकतीस वर्षांच्या त्या फाईलमध्ये तोवर एकही असा कागद नव्हता. मला बाईंकडे बघवेना. साहेबांनीही नजर टाळत, “सही करा आणि लावून टाका,” एवढंच म्हटलं.

बाईंचा काळा चष्मा तोवर गेला होता. त्यांनी कागद हातभर लांब धरून वाचला, पट्टी ओळीखाली ठेवून पुन्हा वाचला, आणि सही न करताच साहेबांच्या टेबलावर परत ठेवला.

“काय झालं?” साहेब घाबरून म्हणाले. “मान्य नाही?”

“मान्य आहे,” बाई म्हणाल्या. “पण यात बारा महिने लिहिलंय. तेरा होते. दुरुस्त करून मागवा.”